बाहेरकाठा कोणाचा? खारेपाटातील एका बांधाचे प्रकरण

रायगड जिल्ह्यात अलिबाग आणि पेण तालुक्यांच्या मधून धरमतरची खाडी आत शिरते. अंबा नदी तिला मिळते आणि दोन्ही काठांवर सपाट, सखल, चिकण मातीची जी शेते पसरलेली दिसतात त्या पट्ट्याला लोक खारेपाट म्हणतात. या शेतांची एक गोष्ट बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. मोठ्या भरतीच्या वेळी खाडीतील पाण्याची पातळी शेताच्या पातळीपेक्षा वर असते. म्हणजे तेथे उभे असलेले भात मातीच्या एका लांब बांधाच्या भरवशावर उभे असते. खाडीकडील या मुख्य बांधाला बाहेरकाठा असा शब्द आहे. आतले पावसाचे पाणी बाहेर सोडण्यासाठी त्यात जागोजागी दारे असतात, त्यांना उघाड्या म्हणतात, आणि बांध फुटून जे भगदाड पडते ती खांड.

सार्वजनिक वस्तू, फुकट्यांचा प्रश्न आणि सामायिक साधनांची शोकांतिका हे विषय शिकवताना दीपस्तंभ आणि कुरण ही उदाहरणे वर्षानुवर्षे दिली जातात. मला मात्र बाहेरकाठा हे त्यांच्यापेक्षा कसदार उदाहरण वाटते, कारण त्याच्या हजारबाराशे मीटरांत वेगवेगळ्या जातीच्या चार वस्तू एकमेकींना चिकटून बसलेल्या आहेत आणि एकीचा नियम दुसरीला लावला की बांध फुटतो. पुढे जे गाव वर्णिले आहे ते नमुन्याचे आहे. खारेपाटातील अनेक गावांत जे घडते ते एका ठिकाणी आणले आहे आणि हिशेब डोक्यात राहावा म्हणून आकडे गोल धरले आहेत.

गावाची मांडणी अशी. बांधाची लांबी १,२०० मीटर, त्याच्या आड १०० एकर भातजमीन, ६० खातेदार कुटुंबे. जमीन एकपिकी, जून-जुलैच्या पावसाने मातीतील मीठ धुऊन निघाल्यावर भात होते, आणि जुनी माणसे अजूनही राता जातीच्या तांबड्या भाताची आठवण काढतात, कारण ते खारटपणा सोसत असे. एकरी १० क्विंटल भात, क्विंटलला २,००० रुपये, म्हणजे एकरी २०,००० रुपयांचे उत्पन्न. बी, नांगरणी, मजुरी असा खर्च १२,०००. हाती उरतात ८,०००. सगळ्या गावाचे मिळून वर्षाला आठ लाख. बांध राखायला वर्षाकाठी ३०० माणूसदिवस लागतात. दिवसाला ५०० रुपये धरले तर दीड लाख. दीड लाखात आठ लाख वाचत असतील तर हा व्यवहार न करणारे गाव वेडे म्हणावे लागेल. तरीही बांध फुटतात. प्रकरण आहे ते येथे.

बांध कोणत्या जातीची वस्तू आहे

वस्तूची जात ठरवण्यासाठी अर्थशास्त्र दोन प्रश्न विचारते. एकाने वापरली म्हणून दुसऱ्याला ती कमी पडते का, हा पहिला. पडत असेल तर वस्तू स्पर्धी. ज्याने मोल दिले नाही त्याला तिच्यापासून दूर ठेवता येते का, हा दुसरा. येत असेल तर वस्तू वर्ज्य करता येण्याजोगी. पॉल सॅम्युएलसन यांनी १९५४ मध्ये पहिल्या प्रश्नावर बोट ठेवले. दोन्ही प्रश्न एकत्र लावून चार कप्प्यांचा तक्ता मांडण्याचे काम पुढे विन्सेंट आणि एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९७७ मध्ये केले.

बांधाला हे प्रश्न विचारून पाहू. माझ्या शेताला बांधाचे संरक्षण मिळते म्हणून शेजाऱ्याच्या शेताचे संरक्षण तसूभरही घटत नाही. तेव्हा तो स्पर्धी नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर भूगोल देतो. ज्याने बांधावर एक दिवसही पाऊल ठेवले नाही त्याचे शेत जर मधोमध असेल तर समुद्राला ‘तेवढे सोडून बाकीचे राख’ किंवा ‘तेवढेच बुडव’ असे सांगता येत नाही. अर्थात हे अगदीच अशक्य नाही. एखाद्याने आपल्या शेताभोवती स्वतंत्र गोल बांध घातला तर तो आपल्यापुरता सुरक्षित होतो, आणि जिताडा माशांचे तळे राखणारे लोक आपल्या तळ्याभोवती नेमके हेच करतात. परंतु एकराएकराभोवती असा बांध घालायचा तर त्याला बाहेरकाठ्याच्या कित्येक पट माती आणि मजुरी लागेल. वर्ज्य करता येणे हा वस्तूचा जन्मजात गुण नसून खर्चाचा प्रश्न आहे, ही गोष्ट तक्ता पाठ करताना हमखास निसटते.

जी वस्तू स्पर्धी नाही आणि वर्ज्यही करता येत नाही ती सार्वजनिक, म्हणून बाहेरकाठा ही गावापुरती सार्वजनिक वस्तू ठरते. मग फुकट्याचा नेहमीचा हिशेब त्याला लावता येईल. गावाचा आठ लाखांचा लाभ ३०० दिवसांच्या श्रमातून येत असेल, तर एका दिवसाच्या श्रमाने सरासरी २,६६७ रुपयांचा लाभ होतो. हा लाभ ६० घरांत वाटला जातो, म्हणून श्रम करणाऱ्याच्या स्वतःच्या घरात त्यातले ४४ रुपये येतात आणि त्याची ५०० रुपयांची मजुरी बुडते. गावाच्या दृष्टीने पाचपट फायद्याचे काम प्रत्येक घराच्या दृष्टीने तोट्याचे ठरते आणि कोणीच बांधावर जात नाही. पुस्तकी उत्तर येथे संपते, आणि मग सक्ती किंवा सरकार असा सल्ला दिला जातो.

हे उत्तर बांधाच्या बाबतीत चुकीचे आहे, कारण त्यात श्रमांची बेरीज होते असे धरलेले आहे. बांधाची बेरीज होत नाही. ११९९ मीटर बांध उत्तम राखला आणि एक मीटर खचला, तर शेतात पाणी त्या एका मीटरातून येते आणि सगळ्या शंभर एकरांत पसरते. बांधाची ताकद म्हणजे त्याच्या सर्वांत कमकुवत जागेची ताकद. जॅक हर्शलायफर या अर्थशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये नेमका हाच मुद्दा मांडताना एका गोल बेटाची कल्पना केली होती, जेथे प्रत्येक मालकाकडे मध्यापासून किनाऱ्यापर्यंत पाचरीसारखी जमीन आहे आणि आपापल्या किनाऱ्यावर किती उंच बांध घालायचा हे ज्याचे त्याने ठरवायचे आहे; पुराचे पाणी मात्र सर्वांत बुटक्या बांधावरून आत येते. कल्पनेतले ते बेट वाचताना खारेपाटातील माणसाला आपलेच गाव दिसेल.

कमकुवत दुव्याच्या या वस्तूत फुकट्याचा हिशेब उलटा होतो. बाकीच्या ५९ घरांनी आपापले काम केले आहे असे मला पक्के ठाऊक असेल, तर माझ्या वाटणीचे पाच दिवस, म्हणजे २,५०० रुपये, वाचवून मी माझ्या घरचे सुमारे १३,३०० रुपये घालवीन. तेव्हा मी आपणहून बांधावर जातो. कोणी दंड करण्याची गरज नसते. पण कोणा एकाने आपला तुकडा राखलेला नाही असे मला ठाऊक असेल, तर माझे पाच दिवस चिखलात गेले. तेव्हा मी जात नाही, आणि हे वागणेही शहाणपणाचेच असते. एकाच गावात, त्याच माणसांत, त्याच लाभात दोन्ही शेवट टिकाऊ आहेत: सगळे जातात किंवा कोणीच जात नाही. त्यामुळे गाव लोभी आहे की सज्जन, हे विचारून हाती काही लागत नाही. शेजारी जाणार आहे यावर किती घरांचा विश्वास आहे, हे विचारावे लागते.

विश्वासाची किंमत किती

हा विश्वास आकड्यात मांडता येतो. समजा खर्च घरटी न धरता एकरी वाटला. दीड लाख भागिले शंभर, म्हणजे एकरी १,५०० रुपये. आता जूनच्या आरंभी एका शेतकऱ्यापुढे प्रश्न आहे, शेत लावायचे की पडीक टाकायचे. लावले तर शेतीचे १२,००० आणि बांधाचे १,५०० असे १३,५०० रुपये आधी घालावे लागतात. बांध टिकला तर २०,००० परत येतात. ऑगस्टच्या उधाणात खांड गेली तर काहीच येत नाही. मग बांध टिकण्याची शक्यता शंभरात साडेसदुसष्टपेक्षा अधिक वाटत असेल तरच शेत लावणे परवडते. घरचे माणूस मुंबईला किंवा जवळच्या कारखान्यात रोजावर जाऊ शकत असेल तर त्याची शहाणी मर्यादा आणखी वर जाते. शिवाय एकदा खारे पाणी शेतात मुरले की ते मीठ धुऊन जायला दोन-तीन पावसाळे लागतात, आणि तो तोटा या हिशेबात धरलेलाच नाही.

आता काही घरांनी जमीन पडीक टाकली असे धरू. कोणी शहरात स्थायिक झाले, कोणाची वाटणी अडली आहे, कोणी जमीन विकून टाकली आहे आणि नवा मालक भाताकडे नव्हे तर भावाकडे डोळे लावून बसला आहे. अशांना बांधापासून भाताचा काडीचाही लाभ नाही. त्यांच्याकडून एकरी १,५०० काय, १५ रुपये मागणेही कठीण. पाच एकर असे पडले तर उरलेल्या ९५ एकरांवर बोजा एकरी १,५७९ होतो. ७९ रुपयांनी कोणाचे काही अडत नाही. तीस एकर पडले तर बोजा २,१४३ होतो आणि शेत लावण्यासाठी लागणारी खात्री शंभरात एकाहत्तरच्या जवळ जाते. नुसत्या खर्चाचे गणित केले तर ऐंशी एकर पडले तरी उरलेल्यांना बांध राखणे परवडले पाहिजे, कारण बांध टिकणारच असे गृहीत धरले तर एकरी ८,००० रुपयांपर्यंत खर्च सोसता येतो. प्रत्यक्षात गाव त्याच्या कितीतरी आधी बसते. पडीक जमीन वाढते तशी लागणारी खात्री वाढते, आणि पडीक शेते बघूनच असलेली खात्री घटते. दोन्ही रेषा एकमेकींकडे चालत येतात. एखाद्या वर्षी पंचवीस एकर पडीक असतात आणि पुढल्या दोन वर्षांत सगळे शिवार पडीक होते. बाहेरून बघणाऱ्याला हे आळशीपणाचे लक्षण वाटते.

वाटणी घरटी करावी की एकरी, हा वादही येथे सुटतो. ज्याचे दहा गुंठे आहेत त्याला बांधापासून वर्षाला २,००० रुपये मिळतात. घरटी २,५०० मागितले तर त्याने न देणेच बरोबर आहे. एकरी हिशेबाने त्याच्या वाट्याला ३७५ येतात आणि तो आनंदाने देतो. ‘सगळे समान’ हे तत्त्व ऐकायला न्याय्य वाटते, पण त्यात सर्वांत लहान खातेदार हाच सर्वांत कमकुवत दुवा होतो.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक आहे. प्रत्येक घराला बांधाचा ठरावीक तुकडा द्यावा, की सर्वांनी मिळून सगळा बांध राखावा? तुकडा दिला तर कोणी काम केले नाही हे लांबून दिसते. गवत वाढलेले, माती खचलेली, चिंबोऱ्यांची बिळे तशीच. पाळत ठेवायला वेगळा खर्च येत नाही. पण ज्याचा तुकडा पडला तो पडला, आणि दुसऱ्याच्या तुकड्यावर माती टाकायला कोणी सहज जात नाही. मिळून काम केले तर न येणाऱ्याची जागा दुसरा भरून काढतो, मात्र कोण उशिरा आला आणि कोण फावडे टेकवून उभा राहिला हे मोजणे अवघड होते. खारेपाटात गटाने बांध राखण्याची जोळ म्हणून जी रीत होती तिचा कल दुसऱ्या बाजूचा होता. शिलोत्री नावाच्या जुन्या धारापद्धतीत तर बाहेरचा बांध राखण्याची जबाबदारी जमिनीच्या हक्कालाच बांधलेली होती. मला स्वतःला मिश्र रीत बरी वाटते: पाहणी तुकड्यांनी, दुरुस्ती सर्वांनी मिळून.

बांध सरकारचा झाला तेव्हा

१९४८ मध्ये मुंबई प्रांताने खारजमिनींचा कायदा केला आणि १९७९ मध्ये महाराष्ट्राने खारभूमी विकासाचा नवा कायदा आणला. दगडी अस्तर घातलेले उंच बांध आणि काँक्रीटच्या उघाड्या गावाच्या आवाक्याबाहेरच्या होत्या. त्या सरकारी पैशातून झाल्या आणि व्हायलाच हव्या होत्या. परंतु बांध बांधणे आणि बांध राखणे ही दोन कामे आहेत. पहिले एकदाच करायचे, मोठ्या पैशाचे, अभियंत्याचे. दुसरे पंधरवड्याला करायचे, कवडीमोलाचे, आणि जो बांधावरून रोज चालतो त्याचे. पहिल्याबरोबर दुसरेही सरकारकडे गेले असे गावाने मनात धरले, आणि ‘बांध सरकारचा, भात आमचे’ हे वाक्य रूढ झाले.

याचा परिणाम एका बिळाच्या चरित्रात दिसतो. चिंबोरी बांधाच्या खाडीकडील अंगाला मुठीएवढे बीळ करते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, भरती कमी चढते आणि पाणी त्या बिळापर्यंत पोचत नाही. तेव्हा दोन घमेली चिकण माती ठोकून बसवली की अर्ध्या तासात काम संपते. आमच्याकडे एक वृद्ध शेतकरी तेवढ्यासाठी भांगात बांधावरून फिरत. त्यांच्या हाती काठी असे. बीळ दिसले की काठी आत घालून ते किती खोल गेले आहे आणि आतल्या अंगाला ओल आली आहे का हे बघत. मी एकदा विचारले, “तात्या, आता तर पाणीही नाही, घाई कसली?” ते म्हणाले, “बाळा, बुजवायचे ते आत्ताच. उधाणात नुसते बघत उभे राहायचे असते.” आतल्या अंगाला ओल दिसली म्हणजे बीळ आरपार गेले. पुढच्या अमावास्येला किंवा पौर्णिमेला उधाण येते, पाणी बिळातून वाहू लागते, वाहते पाणी कडा खाते, वरची माती खचते आणि सकाळी तेथे बैलगाडी जाईल एवढी खांड असते. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी तीमधून ये-जा करते आणि प्रत्येक खेपेला ती रुंद होते. अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा यांना लागणारा वेळ महिन्यांत मोजतात. खांडीचा वेळ सहा-सहा तासांत मोजतात. येथे कोणत्याही कार्यालयाला दोष देण्याचे कारण नाही. अर्ध्या तासाचे काम निविदेने होण्याजोगेच नसते.

उघाडीवरचे मासे

बांध न स्पर्धी न वर्ज्य. पण त्यातल्या उघाडीशी जे मासे येतात ते स्पर्धी आहेत. मी पकडलेला मासा तुझा होत नाही, आणि उघाडीवर जाळे लावायला पूर्वी कोणालाच मज्जाव नव्हता. कोणालाही खुल्या असलेल्या अशा साधनाचा शेवट काय होतो हे गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये कुरणाच्या दाखल्याने सांगितले: जो तो आपले एक जनावर वाढवतो आणि कुरण सगळ्यांसाठीच उजाड होते. त्यांच्यावरचा रास्त आक्षेप असा आहे की त्यांनी ‘कोणाचेही नसलेले’ आणि ‘सर्वांचे मिळून असलेले’ यांत फरक केला नाही. दुसऱ्या प्रकारात नियम असतात, आणि ते कसे टिकतात हे दाखवल्याबद्दल एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. उघाडीवर या दोन्ही अवस्था एकामागून एक बघायला मिळतात.

उघाडीला खाडीकडून झडप असते. भरतीचे पाणी बाहेरून दाबते आणि झडप आपोआप बंद होते. ओहोटीला आतले पावसाचे पाणी ती ढकलून बाहेर पडते. मासे पकडणाऱ्याला मात्र भरतीचे पाणी आत यायला हवे असते, कारण त्याबरोबर कोळंबी आणि मासळी आतल्या नाल्यात शिरते आणि ओहोटीला जाळ्यात सापडते. म्हणून रात्री कोणीतरी झडपेत लाकडाचा ओंडका घालून ठेवतो. त्याला मिळते शेपाचशे रुपयांची मासळी. खारे पाणी नाल्याला लागून असलेल्या शेतांत मुरते, ओंडक्याने झडप वाकडी होते आणि पुढच्या उधाणाला नीट मिटत नाही. गावाचा तोटा हजारांचा होतो, पण तो विभागला जातो, आणि मासळी एकाच्या टोपलीत जाते. दुसऱ्यालाही हे कळते. आपण नाही घातला तर तो घालणारच, तेव्हा आपणच का नको. सामायिक साधनांची शोकांतिका आपल्या शेजारच्या सार्वजनिक वस्तूला अशी खाऊन टाकते.

नमुन्याच्या गावाने यावर उघाडीच्या मासेमारीचा वर्षाचा लिलाव केला. यामुळे न वर्ज्य असलेली वस्तू वर्ज्य झाली. समजा ४०,००० रुपये आले. पहिल्या वर्षी गाव खूश होते आणि दुसऱ्या वर्षी झडप मोडली, कारण लिलाव घेणाऱ्याचा हक्क वर्षापुरता होता आणि झडपेचे आयुष्य पंधरा वर्षांचे. मासेमारीचा हक्क विकताना झडपेची जबाबदारी विकली गेली नव्हती. पुढल्या लिलावात तीन अटी आल्या. हक्क पाच वर्षांचा राहील. १५,००० रुपये अनामत राहील आणि झडपेत काहीही अडकवलेले सापडले तर ती जप्त होईल. पावसाळ्यात झडपेला हात लावायचा नाही. लिलावाच्या रकमेतून एक राखण्या नेमला, ज्याने प्रत्येक उधाणानंतर सगळा बांध चालून बिळे बुजवायची आणि झडप बघायची. वर्षात अशी २४ उधाणे धरली आणि फेरीचे ८०० दिले तर १९,२०० रुपये होतात. उरलेले २०,८०० दुरुस्तीच्या खात्यात जातात. स्पर्धी वस्तूच्या भाड्यातून सार्वजनिक वस्तूची पाळत चालते, ही या प्रकरणातील सर्वांत उपयोगी युक्ती आहे. अनामत जप्त करण्याची वेळ आली तेव्हा सभेत मोठा कलह झाला, कारण लिलाव घेणारा सरपंचाच्या भावकीतला होता; तरी ती जप्त झाली. ती झाली नसती तर अट कागदावरच राहिली असती.

तिसरी वस्तू माती. दुरुस्तीला चिकण माती लागते आणि माणूस ती जवळची उचलतो, म्हणजे बांधाच्या पायथ्याचीच. प्रत्येकाने तसे केले की पायथा पोखरतो. याला एकच नियम पुरतो: माती आतल्या बाजूच्या ठरवलेल्या खड्ड्यातूनच घ्यायची.

कांदळवन

चौथी वस्तू बांधाच्या बाहेर उभी असते. तिवरांची दाट झाडी लाटांचा जोर मोडते. जेथे ती आहे तेथे बांध कमी खचतो, आणि खाडीतून जाणाऱ्या बार्जांच्या लाटा उघड्या बांधाला जेवढ्या लागतात तेवढ्या तेथे लागत नाहीत. मासळीची पिल्लेही तेथेच वाढतात. तिचा लाभ गावापुरता नाही, सगळ्या किनाऱ्याला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये जमीन कोणाच्या मालकीची आहे हे न बघता राज्यभर कांदळवनाच्या तोडीला मनाई केली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. जी वस्तू कोणालाही वर्ज्य करता येत नाही आणि जिच्यासाठी कोणी एक गाव पैसा देणार नाही, तिला राखण्याचा हा मार्ग योग्यच आहे.

तरी या मार्गाची एक बाजू खारेपाटाच्या अंगावर येते. खांड गेली आणि ती बुजवली नाही, तर भरतीबरोबर तिवराच्या बिया शेतात येतात आणि तेथेच रुजतात. काही वर्षांत भातशेताचे कांदळवन होते. सातबाऱ्यावर जमीन शेतकऱ्याची राहते, पण झाड तोडून ती पुन्हा लागवडीखाली आणणे कायद्याने बंद होते. म्हणजे गावाच्या सार्वजनिक वस्तूची हेळसांड झाली की तिच्या जागी किनाऱ्याची सार्वजनिक वस्तू उगवते. तिचा लाभ सगळ्यांना होतो आणि तिची किंमत त्या साठ घरांनी भात गमावून भरलेली असते. येथे फुकटे कोण, हा प्रश्न मग वेगळ्याच लोकांकडे बोट दाखवतो. कांदळवन झालेल्या जमिनीच्या मालकांना मोबदला द्यावा असे मला वाटते, पण तो अशा रीतीने द्यावा लागेल की मोबदल्याच्या आशेने कोणी खांड मुद्दाम उघडी ठेवणार नाही. बांध राखलेल्या गावालाही तेवढेच काही मिळाले तरच ते साधेल.

आपल्या नमुन्याच्या गावाच्या दक्षिण टोकाला पडीक सात एकरांत दोन वर्षांपूर्वी एक लहान खांड गेली होती. ती बुजवण्याचा खर्च कोणाच्या नावावर टाकायचा यावर सभेत तीनदा चर्चा झाली, मालकांना फोन झाले, एकाने ‘तुम्ही करा, मी नंतर बघतो’ असे कळवले. अखेर दुरुस्तीच्या खात्यातून ती बुजवली, तेव्हा तेथे जाऊन पाहिले तर चिखलात गुडघ्याएवढी तिवराची रोपे ओळीने उभी होती. राखण्याने त्यांच्याकडे बघितले, सभेच्या अध्यक्षांकडे बघितले आणि कोयता पुन्हा कमरेला अडकवला. ते सात एकर आता गावाच्या शंभर एकरांत धरायचे की नाही, यावर पुढची सभा व्हायची आहे.